हळदीच्या पावडरीत कोणती तूट मुरवायची?

साबण, रंग, साखर, मसाले अशा कारखान्यांत माल एकामागून एक प्रक्रियांतून वाहत जातो. इथे प्रत्येक नगाचा खर्च वेगळा लिहिता येत नाही, म्हणून महिनाभराचा खर्च महिनाभराच्या उत्पादनावर वाटतात. यालाच प्रक्रिया परिव्यय म्हणतात. वाटणी सोपी वाटते, पण महिनाअखेरीस यंत्रात अर्धवट माल पडलेला असतो आणि काही माल वाया गेलेला असतो. हिशेब अडतो तो या दोन ठिकाणी.

हळद दळणाऱ्या एका काल्पनिक कारखान्याचा जुलै महिना पाहू. सुरुवातीला अर्धवट माल काहीच नव्हता. सांगलीच्या बाजारातून १०,००० किलो राजापुरी हळद १५२ रुपये किलोने आणली, म्हणजे १५,२०,००० रुपयांची. मजुरी, वीज आणि यंत्रांची देखभाल यांवर ८९,००० रुपये गेले. दळताना ओल उडते आणि बारीक पूड हवेत जाते, ही तूट साधारण ५ टक्के धरलेली आहे. महिनाअखेरीस ८,००० किलो पावडर तयार होती. १,००० किलो हळद एकदाच भरडून झाली होती, बारीक दळण आणि चाळण बाकी होते. दळणाचे सुमारे ४० टक्के काम झाले होते. उरलेल्या १,००० किलोंपैकी ५०० किलो नेहमीची तूट. बाकीची ५०० किलो पावडर चाळून तयार झाल्यावर छपराच्या गळतीने भिजली, बुरशी धरली आणि फेकावी लागली.

आता एका किलोला खर्च किती आला? अर्धवट हजार किलो पूर्ण धरले तर चूक, सोडून दिले तरी चूक. म्हणून समतुल्य एकके काढतात. अर्धवट कामाची गोळाबेरीज करून त्यात किती पूर्ण किलोंचे काम झाले, ते मोजायचे. हळद सुरुवातीलाच सगळी यंत्रात पडते, म्हणून कच्च्या मालाच्या बाबतीत ते हजार किलो पूर्ण हजारच. दळणाच्या खर्चात मात्र ते ४०० किलोच. एकाच ढिगाला दोन आकडे लागतात, कारण दोन्ही खर्च एकाच वेळी मालाला लागत नाहीत.

भिजलेली पावडरही यात मोजायची, कारण तिच्यावर काम पूर्ण झाले होते. मग कच्च्या मालाची एकके ८,००० अधिक १,००० अधिक ५०० अशी ९,५००, आणि दळणाची ८,००० अधिक ४०० अधिक ५०० अशी ८,९०० होतात. किलोला हळद १६० रुपये, दळण १० रुपये, एकूण १७० रुपये. तयार माल १३,६०,००० रुपयांचा, अर्धवट माल १,६४,००० रुपयांचा आणि भिजलेला ८५,००० रुपयांचा. बेरीज १६,०९,००० रुपये, खर्चही तेवढाच.

उडालेल्या ५०० किलोंना मात्र एकही एकक दिले नाही. ही सामान्य घट. कितीही काळजी घेतली तरी ती होणारच, तिच्याशिवाय पावडर बनतच नाही. म्हणून तिचा खर्च चांगल्या मालावरच बसतो. १५२ ची हळद १६० रुपयांना पडते ती त्यामुळेच. भिजलेल्या मालाचे तसे नाही. पावडर बनवायला गळके छप्पर लागत नाही. तो तोटा वेगळ्या खात्यावर दाखवून थेट नफा-तोटा पत्रकात नेतात, आणि त्याची किंमत चांगल्या पावडरीच्याच दराने लावतात. माल दळणाआधीच गोदामात भिजला असता तर त्याला दळणाचा खर्च लागला नसता.

ही घटही चांगल्या मालावर टाकली असती तर कच्च्या मालाची एकके ९,००० आणि दळणाची ८,४०० उरली असती. दर १७० वरून सुमारे १७९ रुपये ४८ पैशांवर गेला असता. मग या दरावर भाव ठरवला की ग्राहक छपराच्या गळतीचे पैसे भरणार. शिवाय तो तोटा गोदामातल्या शिल्लक मालाच्या किमतीत शिरून पुढच्या वर्षात जाणार. म्हणूनच लेखामानक २ प्रमाणे वाया गेलेल्या मालाचा असामान्य खर्च साठ्याच्या किमतीत धरता येत नाही. तो त्या काळाच्या खर्चातच लिहावा लागतो.

पण सगळा हिशेब टेकतो त्या ५ टक्क्यांवर. कुणी ती मर्यादा गुपचूप १० टक्के केली, तर भिजलेले ५०० किलोही 'सामान्य' ठरतात, दर पुन्हा १७९ रुपयांवर पोचतो आणि असामान्य घटीचे खाते कोरे राहते. म्हणून अशा कारखान्याचे हिशेब तपासताना आधी पाहायचे ते हे, की घटीची मर्यादा कुणी, केव्हा आणि मागच्या किती महिन्यांच्या वजनांवरून ठरवली. नुकसान झाले त्याच महिन्यात ती वाढलेली दिसली, तर गोदामाची पाहणी करायला हवी.