आई ‘ओ’, बाळ ‘ए’

‘ओ’ रक्तगटाच्या आईला ‘ए’ गटाचे बाळ होणे ही नेहमीचीच गोष्ट आहे. वडिलांकडून ‘ए’ आला, एवढाच त्याचा अर्थ. अशा काही बाळांना पहिल्या दिवशीच कावीळ दिसू लागते.

‘ओ’ गटाच्या प्रत्येकाच्या रक्तात ‘ए’विरुद्धची प्रतिपिंडे असतात. अन्नातून आणि आतड्यातल्या जंतूंतून ‘ए’सारखे पदार्थ शरीराला भेटतात, त्यामुळे ती लहानपणीच तयार होतात, त्यासाठी गरोदरपणाची गरज नसते. ‘ओ’ गटात यांतली बरीच प्रतिपिंडे लहान आकाराच्या जातीची (आयजीजी) असल्याने ती वार ओलांडून बाळापर्यंत जातात आणि त्याच्या लाल पेशी फोडतात. फुटलेल्या पेशींतून बिलिरुबिन तयार होते. बाळाचे यकृत अजून कच्चे असते, त्याला ते वेळेत बाहेर टाकता येत नाही.

तरी आजार बहुधा सौम्यच राहतो. नवजात बाळाच्या लाल पेशींवर ‘ए’च्या खुणा विरळ असतात, शिवाय त्या इतर पेशींवर आणि रक्तद्रवातही असल्याने पुष्कळशी प्रतिपिंडे तिथेच अडकून पडतात. म्हणूनच कूम्ब्ज चाचणी कधी जेमतेम पॉझिटिव्ह, कधी चक्क निगेटिव्ह येते. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली गोल, गच्च झालेल्या लाल पेशी दिसतात.

समजा, ३८ आठवडे पूर्ण झालेल्या बाळाचे बिलिरुबिन १८ तासांनी १० निघाले. चोवीस तासांच्या आतली कावीळ नैसर्गिक धरत नाहीत, म्हणून लगेच फोटोथेरपी सुरू होते. डोळ्यांवर पट्टी बांधून बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. अंगावरचे दूध चालूच राहते. दर काही तासांनी रक्त तपासतात. आकडा उतरला की दिवे बंद होतात आणि तो पुन्हा चढत नाही ना, हे पाहायला आणखी एक तपासणी होते. रक्त बदलण्याची वेळ क्वचितच येते. कोवळे ऊन हा फोटोथेरपीला पर्याय नव्हे.

आरएच आजाराची गोष्ट वेगळी. आरएच निगेटिव्ह आईत प्रतिपिंडे आधीपासून नसतात. पॉझिटिव्ह बाळाचे रक्त तिच्या रक्तात मिसळल्यावर, बहुधा बाळंतपणात, ती तयार होतात. त्यामुळे पहिले बाळ सहसा सुटते आणि पुढच्यांना त्रास वाढत जातो, अगदी पोटातच रक्तक्षय होऊन अंगावर सूज येण्यापर्यंत. ‘ए-ओ’मध्ये पहिल्या बाळालाही कावीळ होऊ शकते, पण पोटात असताना धोका जवळजवळ नसतो. आरएचसाठी २८व्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन देतात. ‘ए-ओ’साठी असे इंजेक्शन नाही.

घरी गेल्यावरही लाल पेशी काही आठवडे थोड्याफार फुटत राहू शकतात. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली हिमोग्लोबिनची तपासणी चुकवू नये. बाळ सुस्त पडले, दूध ओढेना किंवा पिवळेपणा पायांपर्यंत उतरला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.