गर्भपातानंतरची पहिली पाळी

गर्भ आपोआप पडलेला असो किंवा गोळ्या घेऊन पाडलेला असो, नंतर बाईच्या मनात दोन प्रश्न असतात: अंगावरून किती दिवस जाणार, आणि पाळी कधी येणार? ‘दोन आठवडे जाईल, महिना-दीड महिन्यात पाळी येईल,’ एवढं उत्तर तिला मिळतं. ते बरोबर आहे, पण मधल्या दिवसांत काय काय दिसू शकतं, हे त्यातून कळत नाही.

समजा, सात आठवड्यांच्या गरोदर बाईने डॉक्टरांच्या देखरेखीखाली १ जूनला मिफेप्रिस्टोन आणि ३ जूनला सकाळी मिसोप्रोस्टॉल घेतलं. दुपारपर्यंत ओटीपोटात कळा येऊन रक्तस्राव सुरू होतो. पुढचे चार-सहा तास सर्वांत जड. पाळीपेक्षा जास्त जातं, लिंबाएवढ्या गाठीही पडतात. त्याच दिवशी थंडी वाजून अंगात कणकण येते. ती बहुधा औषधाचीच असते आणि दिवसभरात उतरते. संध्याकाळनंतर जोर ओसरतो आणि पुढचे काही दिवस पाळीसारखं जात राहतं.

खरा गोंधळ दुसऱ्या आठवड्यात होतो. रक्त तपकिरी होतं, दोन दिवस काहीच दिसत नाही, आणि मग जरा जास्त काम झालं की पुन्हा लाल जातं, एखादी गाठही पडते. बाई घाबरते. पण असं थांबत-थांबत जाणं नेहमीचं आहे, कारण गर्भपिशवीचं अस्तर एका दिवसात झडून जात नाही. साधारण नऊ ते सोळा दिवस हे चालतं. काही जणींना महिनाभर डाग दिसतात. एकूण कल कमी होण्याकडे आहे ना, हे पाहायचं.

सतरा-अठरा जूनच्या तपासणीत सोनोग्राफीत ‘पिशवीत थोडं रक्त दिसतंय’ असा शेरा येऊ शकतो. गर्भ राहिलेला नसेल, रक्तस्राव ओसरत असेल, ताप-दुखणं नसेल, तर केवळ त्या शेऱ्यासाठी पिशवी साफ करण्याची गरज सहसा नसते. हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारावा. तसंच, या दिवसांत घरी लघवीची चाचणी केली तर ती ‘गरोदर’ दाखवू शकते. गरोदरपणाचं एचसीजी हे संप्रेरक रक्तातून हळूहळू उतरतं आणि चाचणी चार आठवड्यांपर्यंतही होकारार्थी येऊ शकते.

पाळीचं गणितही याच संप्रेरकावर चालतं. ते उतरलं की बीजकोश पुन्हा कामाला लागतो, बीज सुटतं, आणि त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी पाळी येते. आपल्या उदाहरणात बीज साधारण २४ जूनच्या सुमारास सुटेल आणि पाळी ८ जुलैच्या आसपास येईल. म्हणजे पाळी दिसण्याआधीच पुन्हा दिवस राहू शकतात. काही जणींचं बीज गोळ्यांनंतर आठव्या दिवशीच सुटतं. ‘अजून पाळी आलीच नाही, मग काय होणार’ या भरवशावर राहू नये, असं मला कळकळीने सांगायचं आहे. गर्भनिरोधक गोळ्या बहुतेक जणींना लगेच सुरू करता येतात. तांबी मात्र गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री झाल्यावर बसवतात.

ही पहिली पाळी नेहमीपेक्षा जास्त किंवा कमी जाऊ शकते, जास्त दुखूही शकतं. दोन-तीन महिन्यांत घडी बसते. अडीच-तीन महिन्यांचा गर्भ पडला असेल तर संप्रेरक जास्त चढलेलं असतं, म्हणून पाळीला थोडा उशीर होतो. आठ आठवडे उलटूनही पाळी आली नाही, तर लघवीची चाचणी करून डॉक्टरांकडे जावं. क्युरेटिंग झालेलं असेल तर ते आवर्जून सांगावं, कारण क्वचित पिशवीच्या आतल्या भिंती चिकटून पाळी अडते.

काही वेळा मात्र वाट पाहायची नाही. लागोपाठ दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. गोळ्यांच्या दुसऱ्या दिवसानंतरही १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक ताप, घाण वासाचा स्राव किंवा वाढत जाणारं ओटीपोटाचं दुखणं ही पिशवीत संसर्ग झाल्याची खूण असू शकते.

मिसोप्रोस्टॉल घेऊन चोवीस तास झाले तरी रक्त दिसलं नाही, किंवा नुसते डाग पडले, तरीही डॉक्टरांना कळवावं. गर्भ तसाच वाढत असू शकतो, किंवा तो पिशवीऐवजी नळीत असू शकतो. नळीतल्या गर्भावर या गोळ्या चालत नाहीत. एका बाजूला तीव्र दुखणं, खांद्यात कळ आणि घेरी आली तर नळी फुटलेली असू शकते, आणि मग एक तासही दवडून चालत नाही. सोनोग्राफी न करता मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेणाऱ्या बाईचा हाच धोका सर्वांत मोठा असतो.

मूल हवं असताना गर्भ गेला असेल, तर तीन महिन्यांच्या आतल्या साध्या गर्भपातानंतर महिनोन्‌महिने थांबण्याचं वैद्यकीय कारण नसतं. एक पाळी येऊ द्यावी असं डॉक्टर सुचवतात, ते मुख्यतः पुढच्या गरोदरपणाची तारीख नीट मोजता यावी म्हणून.