धूर कोणता, दुखणं कोणतं?

आमच्या शेजारच्या काकांची शंभर सीसीची मोटरसायकल अकरा वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी किक मारली की सायलेन्सरमधून धुराचा एक लोट निघायचा आणि मिनिटभरात विरून जायचा. काका म्हणायचे, "पांढरा धूर मारतेय." गॅरेजवाल्याने नुसतं पाहून निदान केलं: "बोअर-पिस्टन गेलं. पूर्ण इंजिनकाम करावं लागेल."

पण धूर पांढरा होता का, इथूनच सुरुवात करायला हवी होती. खरा पांढरा धूर म्हणजे पाण्याची वाफ. थंडीत किंवा गाडी धुतल्यावर सायलेन्सरमध्ये साचलेलं पाणी तापून बाहेर पडतं. ही वाफ हात-दोन हात अंतरावर नाहीशी होते, तिला जळका वास नसतो आणि इंजिन तापलं की ती थांबते. रेडिएटर असलेल्या गाडीत मात्र ती थांबली नाही, तर हेड गॅस्केटमधून कूलंट सिलिंडरमध्ये झिरपत असावं. अशा वेळी कूलंटची पातळी उतरत जाते आणि कधीकधी ऑइल दुधाळ होतं. काकांची गाडी हवेवर थंड होणारी. तिच्यात कूलंटच नाही, मग ते गळणार कुठून?

म्हणून एका सकाळी मी गाडी काळ्या कुंपणासमोर उभी करायला लावली. धूर निळसर दिसला, हवेत रेंगाळला आणि जळक्या ऑइलचा उग्र वास आला. ऑइलचा धूर दाट झाला किंवा उन्हात पाहिला की पांढराच वाटतो, त्यामुळे हा घोटाळा नेहमी होतो. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल असायचं, तिथे असा धूर रोजचाच. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल इंजिनाच्या तळाशी वेगळं राहतं. ते जळतंय, म्हणजे नको तिथे पोचतंय.

पोचायचे रस्ते मुख्यतः दोन. एक खालून: पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर झिजलं की भिंतीवरचं ऑइल नीट खरवडलं जात नाही. दुसरा वरून: हेडमध्ये व्हॉल्व्हच्या दांड्यावर छोटं रबरी सील असतं. ते उष्णतेने कडक झालं की ऑइल दांड्यावरून खाली उतरतं. पहिल्यात बोअर-पिस्टनचा खर्च, दुसऱ्यात हेड उतरवून सील बदललं की बहुधा भागतं.

हा फरक धुराच्या वेळेवरून ओळखता येतो. रिंगा गेल्या असतील तर गाडी ओढताना, चढावर, डबलसीट असताना धूर येत राहतो आणि पिकअपही पडतो. सील गेलं असेल तर रात्रभर झिरपलेलं ऑइल सकाळी एका लोटात जळतं. घाट उतरतानाही तसंच होतं. ॲक्सिलरेटर बंद असताना इंजिन जोरात ओढ घेतं, ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खेचलं जातं आणि खाली पोचून रेस दिली की भसकन धूर येतो. काकांची गाडी घाट चढताना स्वच्छ होती, उतरल्यावर धूर सोडत होती.

तरी खात्री हवी होती. आधी मेन स्टँडवर लावून ऑइलची पातळी पाहिली, कारण ऑइल जास्त भरलं तरी ते ब्रीदर पाइपातून एअर फिल्टरकडे जाऊन जळतं. पातळी उलट खालच्या खुणेजवळ होती. मग दुसऱ्या मेकॅनिकने प्लग काढून कॉम्प्रेशन मोजलं, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फटी बुजून काटा बराच वर गेला असता. तो जेमतेम हलला. हेड उघडल्यावर सीलं प्लास्टिकसारखी कडक निघाली. व्हॉल्व्ह गाइडमध्ये दांडा हलतो का, हेही त्याने तपासलं. गाइड झिजलेलं असेल तर नवं सीलही टिकत नाही.

काढलेला प्लग ऑइलने ओला होता. तो कोरडा आणि काजळीने माखलेला असता, तर गोष्ट वेगळी. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. ओढलेला राहिलेला चोक, तुंबलेला एअर फिल्टर, कार्ब्युरेटरमध्ये अडकलेला फ्लोट, नव्या इंजेक्शनच्या गाडीत बिघडलेला सेन्सर किंवा गळका इंजेक्टर. यात ॲव्हरेज आधी घसरतं आणि इंजिन सहसा उघडावं लागत नाही.

काकांच्या गाडीचं बोअर-पिस्टन आजही जुनंच आहे. सीलं बदलल्यावर पाचशे किलोमीटरनी प्लग काढून पाहिला. टोक कोरडं होतं, फिकट तपकिरी.