बाही कुठल्या मिनिटाला आहे?

शेजारच्या वहिनींनी कटोरी ब्लाउज शिवायचा सव्वा तासाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. शिकवलंय छान, पण खाली प्रश्न एकच : "ताई, बाही कुठे दाखवलीये?" बाई मशीनवर बसलेली, एका हातात कापड, दुसऱ्या हाताने मोबाइलवर व्हिडिओ पुढे-मागे सरकवतेय. तिला पहिली चाळीस मिनिटं नकोच असतात.

उपाय सोपा. व्हिडिओच्या वर्णनात, म्हणजे डिस्क्रिप्शनमध्ये, वेळ आणि विषयाचं नाव एकेका ओळीत लिहायचं. वहिनींची यादी शेवटी अशी झाली :

```
0:00 काय शिवणार, काय लागेल
4:35 मापं घेणे
13:10 कटिंग
27:50 कटोरी जोडणे
46:20 बाही मुंढ्याला बसवणे
1:01:30 गळ्याला पायपिंग
```

"शेवटी" म्हटलं, कारण पहिल्या खेपेला जमलं नव्हतं. सुरुवातीची चाळीस सेकंद नुसता नमस्कार होता, म्हणून त्यांनी यादी 0:40 पासून धरली. वेळा निळ्या झाल्या, त्यांवर बोट ठेवलं की व्हिडिओ तिथे जायचाही; पण खालची पट्टी अखंडच राहिली. ओळखायची खूण हीच : चॅप्टर लागले, की पट्टीचे तुकडे पडतात आणि बोट सरकवताना त्या त्या भागाचं नाव दिसतं. त्यासाठी पहिली ओळ 0:00 चीच हवी, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा हवा. हीच यादी कमेंटमध्ये टाकली तर वेळा चालतात, पट्टी मात्र तुटत नाही.

खूण नेमकी कुठे ठेवायची, यात खरी मेहनत आहे. बाहीला टाचण्या लागायला सुरुवात झाली तिथे वहिनींनी आधी खूण ठेवली होती. पण पुढची बाही कुठली आणि मागची कुठली, हे त्या त्याआधीच सांगून मोकळ्या झाल्या होत्या. थेट तिथे उडी मारणारीने बाही उलटी लावलीच म्हणून समजा. म्हणून त्या बोलण्याच्याही दोन सेकंद आधीची वेळ धरली. नावंही तशीच. "भाग ३" किंवा "महत्त्वाची टीप" लिहून कुणाला काही सापडत नाही. शिवणारी "मुंढा" शोधत असते, तर तिथे मुंढाच लिहावं.

पुढे वहिनींना तो नमस्कार नकोसा झाला आणि त्यांनी ती चाळीस सेकंद यूट्यूबच्याच एडिटरमध्ये कापली. वर्णनातली यादी काही आपोआप बदलत नाही. मापं 3:55 ला सुरू झाली, यादी 4:35 च म्हणत राहिली. 0:00 सोडून प्रत्येक वेळेतून चाळीस सेकंद हाताने वजा करावी लागली. तेव्हा काटछाट आधी उरका, यादी मग लिहा. आणि सेव्ह केल्यावर प्रत्येक वेळेवर एकदा बोट ठेवून बघा.