तारखेआधी वार पाहा

फारसी कागदाचं इंग्रजी भाषांतर करताना फक्त कोष्टकावर विसंबू नये. औरंगजेब अहमदनगरजवळ भिंगारला वारला, तो दिवस फारसी बखरीत शुक्रवार, 28 जिल्काद 1118 असा आहे. कोष्टकातून 3 मार्च 1707 निघतो, पण तो गुरुवार! हिजरी महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो, म्हणून एक दिवसाची चूक सहज होते. वार जुळवला तर 4 मार्च येतो. तेव्हाच्या इंग्रजी कागदांत, जुन्या पंचांगाने, तो 21 फेब्रुवारी ठरतो.

इराणी सौर सनात हा चंद्राचा घोळ नाही. तिथे नवरोजपासून डिसेंबरअखेरपर्यंत 621 मिळवावे, पुढे जानेवारीपासून नवरोजपर्यंत 622. इस्फंद महिन्यात 621 मिळवले, तर जन्मदाखल्यावरचा माणूस वर्षभर मोठा ठरतो.