कांदा-मधाची बरणी किती दिवस ठेवावी?

खोकल्याची साथ आली की अनेक घरांत हेच औषध होते. एक मध्यम कांदा बारीक चिरायचा, स्वच्छ कोरड्या काचेच्या बरणीत घालायचा, बुडेल एवढा मध ओतायचा आणि रात्रभर झाकून ठेवायचा. सकाळी घट्ट मधाच्या जागी पातळ सोनेरी रस दिसतो आणि आकसलेल्या फोडी वर तरंगत असतात. रस गाळून घ्यायचा, की झाले औषध. घोटाळा होतो तो त्यानंतर. मध कधी नासत नाही, या भरवशावर तीच बरणी ओट्यावर पंधरा-पंधरा दिवस पडून राहते.

मध टिकतो, कारण त्यात पाणी फार थोडे असते, साधारण १७-१८ टक्के. एवढ्या दाट साखरेत जंतूंना वाढायला पाणीच मिळत नाही. पाणी २० टक्क्यांच्या वर गेले की मधात मुळातच असलेले, साखरेला सरावलेले यीस्ट जागे होतात. आपल्याकडे विकाऊ मधातल्या पाण्याची कमाल मर्यादाही २० टक्केच आहे.

आता बरणीतला हिशोब पाहू. मध १५० ग्रॅम घेतला तर त्यात सुमारे २७ ग्रॅम पाणी. कांदा १०० ग्रॅम, आणि कांद्याचा जवळजवळ नव्वद टक्के भाग पाणीच. मध हे पाणी बाहेर ओढून घेतो. रात्रभरात ४० ग्रॅम पाणी सुटले असे धरले, तर १९० ग्रॅम रसात ६७ ग्रॅम पाणी झाले, म्हणजे ३५ टक्के. तेव्हा सकाळी बरणीत जे असते त्याला मध म्हणायचे ते केवळ चवीपुरते. मुरांबा वर्षभर टिकतो, कारण कैरीला सुटलेले पाणी पाक आटवताना उडून जाते. इथे आटवणे नाहीच, सुटलेले सगळे पाणी बरणीतच राहते.

म्हणून आठ-दहा तासांनी रस गाळावा आणि कांदा काढून टाकावा. तो आत राहिला तर पाणी सुटतच राहते. गाळलेली बाटली लगेच फ्रिजमध्ये जावी, दारातल्या कप्प्यात नव्हे, आत. तीन-चार दिवसांत संपेल एवढेच करावे. ताणून आठवडा, त्यापुढे ठेवण्यात अर्थ नाही, कारण एक कांदा पुन्हा चिरायला कितीसा वेळ लागतो? चमचा दर वेळी कोरडा घ्यावा. तोंडात घातलेला चमचा पुन्हा बाटलीत घातला, तर फ्रिजचाही फारसा उपयोग होत नाही.

आंबायला लागल्याची पहिली खूण कानाला कळते: झाकण फिरवताना ‘फुस्स’ आवाज येतो. मग तळातून बारीक बुडबुडे वर येत राहतात, काठाशी पांढरट फेस धरतो, पत्र्याचे झाकण मध्यभागी फुगते. वास कांद्याचा न राहता ताडीसारखा, आंबूस होतो. यांपैकी एकही खूण दिसली की रस टाकून द्यावा. चाखून खात्री करण्याच्या फंदात पडू नये. आंबलेल्या रसात थोडे मद्य तयार झालेले असते आणि पिणारे बहुधा घरातले मूलच असते. बुरशीचा ठिपका दिसला तर वरचा थर काढून उरलेला वापरणेही चूक.

काही गोष्टींना मात्र उगाच घाबरतात. रस पातळ होणे, फोडी तरंगणे, ओतताना अडकलेले चार बुडबुडे किंवा फ्रिजमध्ये तळाशी साखरेचे दाणे बसणे, यात काही बिघडलेले नसते. अडकलेले बुडबुडे थोड्या वेळाने जातात, आंबण्याचे मात्र नव्याने येत राहतात.

एक धोका मात्र असा, की त्याला ना वास ना फेस. बोट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू मातीतून कांद्यावर येऊ शकतात आणि कधीकधी मधातही असतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचे सहसा काही चालत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात. त्यामुळे अशा बाळाला मध बोटावरचे चाटणही देऊ नये. घरी उकळल्याने हे बीजाणू मरत नाहीत. रसात पाणी घालून तो वाढवणे किंवा कांद्यासकट दिवसेंदिवस उबेला ठेवणेही याच कारणासाठी टाळावे.

औषध म्हणून यात पुरावा आहे तो मुख्यतः मधाचा. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये १०५ मुलांवर केलेल्या अभ्यासात झोपण्यापूर्वी दिलेल्या मधाने रात्रीचा खोकला, काहीच न देण्यापेक्षा, कमी झाला. कांद्यासाठी असा भक्कम आधार नाही. वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा ते एक चमचा पुरे. मधुमेह्यांनी ही साखरच आहे हे लक्षात ठेवावे. दम लागणे, खोकल्यातून रक्त किंवा दोन आठवड्यांवर खोकला असेल, तर बाटली बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावे. दोन आठवड्यांच्या खोकल्याला आपल्याकडे क्षयाची तपासणी करतात.

आणि फुगलेल्या झाकणाची बरणी फेकायची असेल, तर ती सिंकमध्ये धरून, तोंड आपल्यापासून लांब ठेवून, झाकण हळूहळू सैल करावे. आतला वायू निघून गेल्यावर रस ओतून द्यावा. बरणी गरम पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण कोरडी झाल्याशिवाय तिच्यात नवा मध ओतू नये.