भारनियमनात पाळी बदलताना

वीज जाणार हे आधी कळलेले असले, की छोट्या कारखान्याच्या मालकाला दोन गोष्टी कराव्या लागतात. कामाच्या वेळा नव्याने बसवायच्या आणि त्या कामगारांना लेखी कळवायच्या. त्या कागदाला बहुतेक जण चार ओळींची सूचना समजतात. पण मशीन किती तास चालणार, कुणाची संध्याकाळ जाणार आणि बुडालेल्या तासाचे पैसे कुणाच्या खिशातून जाणार, हे सगळे त्याच चार ओळींत ठरते.

एप्रिल 2022 मध्ये कोळशाच्या टंचाईमुळे महाराष्ट्रात भारनियमन झाले, तेव्हा त्याची झळ सगळ्यांना सारखी बसली नाही. भारनियमन फीडरप्रमाणे होते. ज्या फीडरवर वीजहानी आणि थकबाकी जास्त, तो आधी बंद. त्यामुळे गावाच्या फीडरवर असलेल्या कारखान्याचे बिल वेळेवर भरलेले असले, तरी त्याची वीज गावाबरोबर जाते. आपला फीडर कोणता आणि त्याचे वेळापत्रक काय, याची चौकशी म्हणूनच पहिली.

उदाहरणासाठी त्या वेळचा एक काल्पनिक कारखाना घेऊ. प्लास्टिकचे सुटे भाग बनवणारा, चार इंजेक्शन मोल्डिंग मशीन आणि चोवीस कामगार. दहा जण मशीनवर. चौदा जण फिनिशिंग-पॅकिंगला, त्यांत बहुसंख्य महिला. वेळ सकाळी साडेआठ ते संध्याकाळी पाच, मध्ये अर्धा तास जेवण. आता रोज अकरा ते दोन वीज नाही.

पहिला विचार जनरेटरचा येतो. पण एक लिटर डिझेलमधून साधारण तीन-साडेतीन युनिट वीज मिळते. डिझेल नव्वद रुपयांच्या आसपास धरले, तर नुसत्या इंधनाचाच खर्च युनिटमागे पंचवीस रुपयांच्या पुढे जातो. दिवे-पंख्यांना तो परवडतो, मशीनच्या हीटरला नाही.

मग सुचते ती तुटक पाळी : सकाळी सात ते अकरा, दुपारी दोन ते सहा. आठ तास बरोबर भरतात, पण कामगार अकरा तास अडकतो. तेव्हा लागू असलेल्या 1948च्या कारखाने अधिनियमानुसार विश्रांती धरून कामाचा पसारा साडेदहा तासांपेक्षा जास्त चालत नव्हता, म्हणून ही पाळी बसत नव्हती. सुरुवात साडेसातला केली तर त्या नियमात बसत होती, पण मशीन आडवे येते. बॅरल तापायला सुमारे पाऊण तास लागतो. बंद करण्याआधी हॉपर बंद करून बॅरल रिकामे करायला पाव तास. तसे न करता वीज गेली, तर आत अडकलेला दाणा करपतो आणि पुन्हा सुरू केल्यावर मालात काळे ठिपके येतात. तुटक पाळीत ही तयारी दोनदा होते. साडेसात तासांच्या हजेरीत मशीन खरे चालते साडेपाच तास.

मशीनची पाळी दुपारी दोन ते रात्री साडेदहा ठेवली, तर तापवणे एकदाच होते, अर्धा तास जेवण वजा जाता सात तास माल निघतो आणि पाळीच्या मध्ये भारनियमन येत नाही. फ्लॅश काढणे, तपासणी आणि पॅकिंग ही कामे हाताची असतात. ती दिवसाउजेडी जुन्याच वेळेत होतात; आदल्या रात्रीचा माल सकाळी तयारच असतो. संध्याकाळी सातनंतर महिलांना कामावर ठेवण्यावर असलेल्या बंधनांचा प्रश्नही मग उभा राहत नाही.

आता पत्र.

*दि. 20 एप्रिल 2022*
*सर्व सहकारी बंधू-भगिनींना,*

*आपल्या फीडरवर रोज सकाळी 11 ते दुपारी 2 भारनियमन आहे. सोमवारच्या बैठकीत आपण सर्वांनी मिळून ठरवल्याप्रमाणे आणि सह्या केलेल्या करारानुसार, सोमवार 25 एप्रिलपासून शनिवार 21 मेपर्यंत वेळा अशा राहतील. मशीन विभाग : दुपारी 2 ते रात्री 10.30, सुट्टी संध्याकाळी 6.45 ते 7.15. रोजा असणाऱ्यांना ही वेळ सोयीची पडेल. फिनिशिंग-पॅकिंग विभाग : पूर्वीप्रमाणे सकाळी 8.30 ते 5. साप्ताहिक सुट्टी बदललेली नाही.*

*पगार कोणाचाही कमी होणार नाही. दोन वाजता हजर असलेल्याची हजेरी दोनपासूनच लागेल, वीज उशिरा आली तरी. राहिलेले काम साडेदहानंतर करून घेतले जाणार नाही. दुपारपाळीला रोज 50 रुपये भत्ता मिळेल आणि रात्री घरी सोडायला टेम्पो असेल. वीज नसताना पॅकिंगची टेबले खिडक्यांजवळ हलवू. दोन पंखे जनरेटरवर चालतील.*

*कोणाला घरची अडचण असेल, तर शुक्रवारपर्यंत सुपरवायझरना किंवा मला सांगावे. भारनियमन आधी संपले, तर दोन दिवस आधी कळवून जुन्या वेळा सुरू करू.*

*आपला,*
*(मालकाची सही)*

या पत्रात सर्वांत महत्त्वाचे वाक्य वीज उशिरा येण्याबद्दलचे आहे. वेळापत्रकात दोन लिहिलेले असले, तरी वीज सव्वादोनला येऊ शकते. तो पाव तास कुणाचा, हे लिहून ठेवले नाही तर पहिल्याच आठवड्यात हजेरीपटावरून वाद होतो. तेव्हाच्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या व्याख्येत विजेच्या टंचाईमुळे काम न देणे हे ले-ऑफमध्ये मोडत होते. पण त्या काळात निम्म्या पगाराची भरपाई देण्याचे कलम पन्नासपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला लागू नव्हते. चोवीस जणांच्या कारखान्यात कामगाराच्या हातात असतो तो पत्रातला शब्दच. म्हणून तो स्पष्ट हवा.

दुसरे महत्त्वाचे वाक्य बैठकीचे आणि कराराचे. कामाच्या वेळा बदलायच्या तर त्याच अधिनियमाचे कलम 9-अ एकवीस दिवसांची नोटीस मागत होते. भारनियमनाचे वेळापत्रक एवढी सवड देत नाही. मात्र बदल कामगारांशी झालेल्या लेखी समझोत्यानुसार असेल, तर त्या नोटिशीची गरज राहत नाही. म्हणूनच बैठक आधी, सह्या नंतर आणि पत्र शेवटी. याशिवाय बदललेल्या वेळांचा तक्ता अंमलाआधी कारखाना निरीक्षकाकडे पाठवायचा आणि दारावर लावायचा असे.

नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत एकवीस दिवसांची नोटीस कायम आहे, पण आणीबाणीच्या परिस्थितीत तक्रार निवारण समितीशी सल्लामसलत करून पाळी बदलण्याची वाट ठेवली आहे. वीस किंवा अधिक कामगार असतील, तर ही समिती असावीच लागते. म्हणजे आज असे पत्र लिहिणाऱ्याने आधी समिती बोलवावी, तिचे म्हणणे लिहून घ्यावे आणि कामाच्या तासांची मर्यादा राज्याच्या चालू नियमांशी ताडून पाहावी.

वेळा नीट बसल्या की नाही, हे पहिल्या आठवड्यातच दिसते. काळ्या ठिपक्यांचा रिजेक्ट माल वाढला, तर बंद करताना बॅरल रिकामे होत नाही. सकाळी पॅकिंगला माल पुरत नसेल, तर रात्रीचे सात तास पूर्ण मिळत नाहीत. आणि दुपारपाळीत एकाच माणसाचे खाडे पडू लागले, तर त्याच्या घरी आजारी आई किंवा शाळेतून येणारे मूल आहे का, हे विचारावे. तसे असेल, तर त्याला महिनाभर पॅकिंगला घेऊन तिथल्या तयार असलेल्या सहकाऱ्याला मशीनच्या मदतीला देता येते. पत्रात अडचण सांगायला शुक्रवार दिला आहे, तो यासाठीच.